वाळेल का, आणि पंचवीस मिळतील का?

जूनमध्ये टॉवेल घेणाऱ्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो : हा वाळेल का? एप्रिलमध्ये तोच माणूस विचारतो, अंगाला हलका लागेल का, घाम टिपेल का? आणि घरात लग्न निघालं की प्रश्न येतो, एकाच रंगाचे पंचवीस नग मिळतील का, आणि आठ दिवसांत पोहोचतील का? टॉवेल बदललेला नसतो, पण ऑनलाइन दुकानातलं त्याचं वर्णन यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. तिथे लिहिलेलं असतं : ‘उत्तम दर्जा, शंभर टक्के कॉटन, आकर्षक रंग.’

सोलापुरातला एखादा छोटा विक्रेता डोळ्यांसमोर आणा. टेरी टॉवेल, पंचे, नॅपकिन, चादरी मिळून २४० नग त्याने अ‍ॅमेझॉनवर आणि स्वतःच्या साइटवर लावले आहेत. दर मोसमाला २४० वर्णनं नव्याने लिहायची, तर एक माणूस महिनाभर त्यातच अडकेल, आणि तोवर पाऊस संपत आलेला असेल. बहुतेक जण म्हणून काहीच करत नाहीत. काही जण त्याहून वाईट करतात. जुनी लिस्टिंग बंद करून ‘मान्सून स्पेशल’ नावाने नवी उघडतात. जुन्या पानावर साठलेले अभिप्राय आणि तारे तिथेच राहतात आणि नव्या पानाची सुरुवात शून्यापासून होते. शिवाय एकाच मालाची दोन पानं अ‍ॅमेझॉनच्या नियमात बसत नाहीत.

खरं तर वर्णनाचा बराचसा भाग वर्षभर तसाच राहायला हवा. लांबी-रुंदी, वजन, विणीची जात, धुण्याची सूचना, उत्पादकाचं नाव, एमआरपी, कुठल्या देशात बनलं, या गोष्टींना मोसम नसतो. त्यांतल्या काही तर पॅकबंद मालाच्या नियमांनुसार ऑनलाइन दाखवाव्याच लागतात. शीर्षकही सोडून द्यावं, कारण शोधणाऱ्यांना ते पान त्याच शब्दांवर सापडत आलेलं असतं. स्वतःच्या साइटवर पानाचा पत्ताही बदलू नये. मोसमासाठी चारच जागा राखून ठेवायच्या : वर्णनातलं पहिलं वाक्य, दुसरा फोटो, खरेदीदाराला न दिसणारे शोधशब्द आणि नगांची संख्या.

पहिलं वाक्य मालाच्या जातीप्रमाणे लिहायचं, नगाप्रमाणे नाही. २४० नगांच्या मुळात साताठ जातीच असतात : जाड टेरी टॉवेल, पातळ टॉवेल, पंचे, नॅपकिन, जॅकार्ड चादरी, लहान मुलांचे टॉवेल, आहेराचे संच. सात जाती आणि तीन मोसम म्हणजे जास्तीत जास्त एकवीस वाक्यं. त्यांतलीही काही कोरी राहतात, कारण जाड चादरीबद्दल मे महिन्यात ओढूनताणून काही लिहिण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

ही वाक्यं एक्सेलमध्ये वेगळ्या पानावर ठेवायची. त्या पानाला Rutu म्हणा. पहिल्या रकान्यात जात, मग पावसाळ्याचं, उन्हाळ्याचं आणि लग्नसराईचं वाक्य. मुख्य पानावर B रकान्यात कायमचं वर्णन आणि C मध्ये जात. मग एकच सूत्र :

```
=VLOOKUP(C2,Rutu!$A:$D,2,FALSE)&" "&B2
```

मधला 2 म्हणजे पावसाळा. त्याच्या जागी 3 घातला की उन्हाळा, 4 घातला की लग्नसराई. सूत्र खालपर्यंत ओढलं की २४० वर्णनं तयार. फक्त एखाद्या ओळीत जातीचं नाव चुकीचं लिहिलेलं असेल, तर तिथे #N/A उमटतं. न पाहता फाइल चढवली तर ग्राहकाला टॉवेलच्या वर्णनात तेच वाचायला मिळतं.

आता वाक्य काय लिहायचं? पावसाळ्यासाठी हात आपोआप ‘लवकर वाळणारा’ असं लिहितो, आणि माल परत येण्याची सुरुवात तिथेच होते. टॉवेल किती जाड हे एका चौरस मीटरच्या वजनावरून कळतं, त्यालाच जीएसएम म्हणतात. ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या टॉवेलचं क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर भरतं. त्याचं वजन ४५० ग्रॅम असेल, तर भागाकार ४०० येतो. असा टॉवेल पाणी मस्त टिपतो, पण ढगाळ हवेत बंद घरात तो सावकाशच वाळणार, आणि ओला राहिला की कुबट वास धरणार. त्याच आकाराचा, त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा पंचा बराच आधी कोरडा होतो.

खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक जातीचा एक नग कोरडा असताना वजन करा, भिजवून पिळा, रात्री बंद खोलीत पंख्याखाली दोरीवर टाका आणि सकाळी पुन्हा वजन करा. वजन मूळ आकड्यावर आलं असेल तर लिहा : ‘रात्री पंख्याखाली टाकला तर सकाळी कोरडा.’ आलं नसेल, तर त्या जातीसाठी पावसाळ्याचं वाक्य दुसरं हवं. ‘घरात प्रत्येकाचे दोन असू द्या, एक वाळेपर्यंत दुसरा’ असं म्हटलं तर ते खरंही आहे आणि दोन नगांचा संचही विकला जातो. उन्हाळ्याचं वाक्य त्या मानाने सोपं. पातळ पंचा डोक्याला बांधता येतो, प्रवासाच्या पिशवीत घडी लहान होते, एवढं पुरे.

फोटोबाबत अ‍ॅमेझॉनचा नियम कडक आहे. पहिला फोटो पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवरच हवा, त्यावर अक्षरं नकोत, सजावट नको. म्हणून मोसम दुसऱ्या फोटोत आणायचा. गॅलरीत दोरीवर टाकलेले पंचे, मागे पावसाने ओला कठडा, असा एक फोटो जातीतल्या सगळ्या नगांना चालेल असं वाटतं, पण रंग जुळायला हवा. निळ्या टॉवेलच्या पानावर लाल टॉवेल दिसला की ‘चुकीचा रंग आला’ अशी तक्रार ठरलेली.

शोधशब्दांची जागा खरेदीदाराला दिसत नाही, त्यामुळे तिथे लोक वाट्टेल ते भरतात. अ‍ॅमेझॉनवर भारतात तिची मर्यादा २०० बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेला तीन तीन. `monsoon` सात बाइटमध्ये बसतो, ‘पावसाळा’ला एकवीस लागतात. म्हणून देवनागरी शब्द मोजकेच ठेवावेत, आणि शीर्षकात आलेले शब्द पुन्हा भरू नयेत. मोसमापुरते `monsoon`, `travel`, `gamcha` असे शब्द घालावेत आणि मोसम सरला की काढावेत. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या नावांना भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडे विणलेल्या मालाच्या शोधशब्दांत ‘सोलापुरी’ घुसडणं ही चलाखी नव्हे, फसवणूक आहे.

लग्नसराईत वाक्यापेक्षा संख्या महत्त्वाची. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणारी मंडळीही मानपानाचे टॉवेल-टोपी मोजूनच आणतात. त्यांना एका टॉवेलचं कौतुक नको असतं. त्यांना १०, २५, ५० नगांचा दर, सगळे एका रंगाचे मिळण्याची हमी, वेगवेगळी घडी-पिशवी आणि पक्कं बिल हवं असतं. म्हणून जुन्याच पानाखाली दहा आणि पंचवीस नगांचे पर्याय जोडावेत. या संचांना स्वतःचा कोड लागतो आणि पाकिटावरची नगसंख्या त्याप्रमाणे बदलावी लागते. वर्णनाला हात न लावता लग्नाचं गिऱ्हाईक इथे मिळतं.

हे सगळं कधी बदलायचं, याला ठरावीक तारीख नाही. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला, २०२५ मध्ये २६ मेलाच. लग्नाचंही तसंच. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात मुहूर्त थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन हंगामातले चार आठवडे बहुतेक घरांत लग्नं नाहीत. त्याच महिन्यात जावयाला वाण देतात, तेव्हा पंचवीस नगांचा संच मागे सारून दोन चांगल्या टॉवेलांचा भेटसंच पुढे आणता येतो. म्हणून पंचांग आणि हवामान खात्याचा अंदाज, दोन्ही पाहून अपेक्षित तारखेच्या तीनेक आठवडे आधी फाइल चढवावी.

फाइल चढवताना दोन ठिकाणी घात होतो. अ‍ॅमेझॉनच्या फाइलमध्ये पूर्ण बदल आणि अंशतः बदल असे वेगळे पर्याय असतात. पूर्ण बदल निवडून कोरे रकाने पाठवले, तर तिथली जुनी माहिती पुसली जाऊ शकते. अंशतः बदल, म्हणजे `PartialUpdate`, निवडावा आणि आधी पाच नग चढवून पाहावेत. दुसरा घात एक्सेल स्वतः करतं. ८९०ने सुरू होणारा तेरा अंकी बारकोड ते 8.90E+12 असा दाखवतं, आणि तसाच जपला गेला की मूळ अंक परत मिळत नाहीत. तो रकाना सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. चढवण्याआधीची फाइल तारीख घालून वेगळी जपावी, कारण मोसम संपल्यावर तीच परत लावायची असते. एका रकान्यात परतीची तारीखही लिहावी. दिवाळीच्या आठवड्यात ‘पावसात सुद्धा सकाळी कोरडा’ असं वाचणाऱ्याला दुकान बेवारस वाटतं.

स्वतःच्या साइटवर काम आणखी सोपं. प्रत्येक नगाला मोसमाचा टॅग लावला की ते सगळे एका पानावर गोळा करता येतात. त्या पानाच्या पत्त्यात साल घालू नये, म्हणजे दरवर्षी तेच पान वापरता येतं आणि त्याची जुनी ओळख टिकते.

फरक पडला का हे कसं कळणार? जुलैत टॉवेल मेपेक्षा जास्त विकले गेले, यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ते पावसानेच विकले असतील. गेल्या वर्षीच्या जुलैशी तुलनाही फसवी, पाऊस महिनाभर मागेपुढे होतो तेव्हा तर फारच. त्यापेक्षा पंच्यांच्या चाळीस नगांपैकी दहा मुद्दाम जुन्याच वर्णनावर ठेवावेत, साधारण तितकाच खप असलेले. सहा आठवड्यांनी पाहावं : शंभर जणांनी पान उघडलं तर किती जणांनी घेतलं, आणि घेतलेल्यांतून किती नग परत आले. विक्री वाढून परतीही वाढल्या असतील, तर वाक्य खोटं पडलं आहे. मग पुन्हा दोरी, पंखा आणि वजनकाटा.