डाव्या कुशीतला टणत्कार
व्यालेल्या गाईने दोन-तीन आठवड्यांत आंबोण टाकले, दूध घटले आणि श्वासाला किटोसिसचा गोडसर वास येऊ लागला, तर नुसते ग्लुकोज देऊन थांबणे इष्ट नव्हे. कारण प्रसूतीनंतर मोकळ्या झालेल्या जागेतून वायूने फुगलेले चौथे पोट रुमेनच्या डावीकडे वर सरकलेले असण्याचा संभव असतो. डावीकडील नवव्या ते तेराव्या बरगडीवर स्टेथोस्कोप ठेवून टिचकी मारली असता पत्र्याच्या पिंपासारखा नाद उमटतो. किटोसिसने भूक मंदावून रुमेन आक्रसते व पोटाला सरकण्यास वाव मिळतो. सरकलेल्या पोटाने उलट किटोसिस बळावते. गाय उलथवल्यास पोट जागी येते, परंतु बहुधा पुनः सरकते. यास्तव उजव्या कुशीत छेद घेऊन, वायू सोडून, त्यास लगडलेला चरबीचा पडदा उदरभित्तीस शिवणे हा खात्रीचा इलाज होय.