पाण्याच्या नळीतली पट्टी

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळी इंटर्नशिपसाठी मेल यायला लागतात. बहुतेकांची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी असते. आमच्या प्रमुख बाई आहेत. पुढे 'मला मॉलिक्युलर बायोलॉजीची प्रचंड आवड आहे', आणि मग बाईंच्या विषयाचं नाव, तेवढंच वेगळ्या फॉन्टमध्ये. तेच पत्र आणखी किती जणांकडे गेलंय ते यावरून कळतं.

बाई ही पत्रं बाजूला ठेवतात त्यात राग नसतो, हिशेब असतो. मुलांच्या हातात असतात जेमतेम आठ आठवडे. एका जनुकाचा तुकडा प्लास्मिडमध्ये बसवायचा तर प्रायमर मागवा, पीसीआर करा, कापा, जोडा, जिवाणूंत घाला, वसाहती वाढू द्या, शेवटी सीक्वेन्सिंगला पाठवा. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी दोन-तीन आठवडे लागतात, आणि पहिल्या फटक्यात सहसा जमत नाही. शिवाय शिकवणार कोण? आमच्यातलाच एखादा पीएचडीवाला, स्वतःचं काम थांबवून. म्हणून पत्र वाचताना बाई एकच गोष्ट शोधतात: प्रयोग फसला की हे पोर काय करतं?

मागच्या वर्षी साताऱ्याहून बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, 'मेथीच्या पानांतून डीएनए काढून पीसीआर केला. पट्टी आली, पण पाण्याच्या नळीतही आली.'

ही पाण्याची नळी म्हणजे प्रयोगाचा पहारेकरी. तिच्यात बाकी सगळं घालतात, फक्त डीएनएच्या जागी पाणी. तिथे जेलवर पट्टी दिसायलाच नको. दिसली, तर कुठून तरी परका डीएनए शिरलाय आणि मेथीच्या पट्टीवरही भरवसा उरला नाही. पीसीआरच्या 30 फेऱ्यांत एका रेणूचे, निदान कागदावर, 100 कोटी होतात. त्यामुळे कणभर भेसळही लपत नाही. कॉलेजात अशा वेळी ती नळी गुपचूप विसरून जर्नलवर सही घेण्याची पद्धत आहे, मीही घेतली आहे. या मुलीने आधी पाणी बदललं, पट्टी तशीच. मग फक्त प्रायमरची नवी नळी उघडली, पट्टी गेली. दोन्ही एकदम बदललं असतं, तर दोष कशात होता ते कळलंच नसतं.

पुढे एक प्रश्न होता: 'तुमच्या लेखातल्या तिसऱ्या आकृतीत शेवटच्या रकान्यात फिकट पट्टी आहे, ती तिथे अपेक्षित होती का?' शेवटी तारखा, 12 मे ते 6 जुलै, आणि राहायची सोय मावशीकडे. आवडीबद्दल अक्षर नाही.

बाईंनी ती आकृती काढून बराच वेळ पाहिली. मग उत्तर लिहिलं: 'ये. ते जर्नल बरोबर आण.'