अकरा महिन्यांची वही

महाराष्ट्रात भाड्याच्या फ्लॅटचा करार सहसा अकरा महिन्यांचा असतो. कायद्याने तो साठ महिन्यांपर्यंतचाही करता येतो, पण अकराची सवय काही सुटत नाही. प्रॉपर्टी एजंट म्हणून नव्याने बसलेल्या माणसाला हीच सवय पोसते. आज त्याने एक फ्लॅट भाड्याने लावून दिला की दहाव्या महिन्यात त्याच मालकाला आणि त्याच भाडेकरूला पुन्हा कोणाची तरी गरज लागणार, हे ठरलेलं असतं. ती लागेल तेव्हा आठवण कोणाची होते, यावर पुढचा धंदा उभा राहतो.

बहुतेक नवे एजंट सुरुवात उलटीकडून करतात. पोर्टलवर पैसे भरायचे, दहा बिल्डरांच्या साइटवर नाव नोंदवायचं आणि ऐंशी लाखांचा एक फ्लॅट विकला की टक्काभर दलाली म्हणजे ऐंशी हजार, या हिशेबावर बसून राहायचं. विक्रीला चार-सहा महिने सहज जातात. तोवर ऑफिसचं भाडं आणि पेट्रोल खिशातून. बरं, आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी कोणी अनोळखी माणसाच्या भरवशावर करत नाही. भाड्याच्या कामात रक्कम लहान असते, पुण्यात बोलून ठरेल तसं प्रत्येक बाजूकडून पंधरा दिवसांचं किंवा महिन्याचं भाडं. पण काम आठवडाभरात संपतं आणि दोन घरांत पाऊल पडतं.

उदाहरणासाठी कर्वेनगर घेऊ. दोन-तीन रस्त्यांवरच्या बारा-पंधरा सोसायट्या, त्यापलीकडे पहिलं वर्ष जायचं नाही. कोणत्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण आहे, कुठे मे महिन्यात टँकर मागवावा लागतो, कुठली लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते, हे एजंटाला तोंडपाठ हवं. फ्लॅट रिकामा होतोय ही बातमी पोर्टलवर येण्याआधी वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला कळलेली असते. वॉचमनला दोन पैसे द्यायची पद्धत सगळीकडे आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र तेवढ्यावर भागवणारा एजंट फसतो. वॉचमनला दुसऱ्याने पाचशे जास्त दिले की बातमी तिकडे जाते. सेक्रेटरींचं तसं नसतं. त्यांना पाकीट दिलं तर ते दुखावतील. भाडेकरूची कागदपत्रं मागायच्या आधी सोसायटीत जमा झाली की ते खूश असतात.

आता एक व्यवहार सुरुवातीपासून पाहू. समजा टूबीएचके आहे, भाडं बावीस हजार, डिपॉझिट पंचाहत्तर हजार. मालक सत्तरीचे काका, मुलगी अमेरिकेत. फ्लॅट बघायला एक कुटुंब आलंय. मागच्या बेडरूमच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. फेब्रुवारीत ती दिसत नाही. इथे एजंटाने स्वतःहून सांगायचं: “ही भिंत जुलैमध्ये ओली होते. काकांनी बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं कबूल केलंय, पण कपाट तिथे लावू नका.” यामुळे एखादी पार्टी जाईलही. पण न सांगता दिलेल्या फ्लॅटमध्ये जुलैत ओल आली, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एजंटाचं नाव फोटोसकट फिरतं, आणि पंधरा सोसायट्यांच्या टापूत ते पुसता येत नाही.

करार नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. काकांना एवढं एक वाक्य नीट समजावलं की “नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल” हा आग्रह थांबतो. तसंही फार स्वस्त पडत नाही. अकरा महिन्यांचं भाडं दोन लाख बेचाळीस हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचं, ते अकरा महिन्यांचं सुमारे सहा हजार नऊशे. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सहाशे-सातशे रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. वर ऑनलाइन नोंदणीचं हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. हा हिशेब कागदावर लिहून दोघांच्या हातात द्यावा. कराराच्या नावाखाली गोल आकडा सांगून मधले हजार-दोन हजार खाणारे एजंट बरेच आहेत, आणि ते लोकांना माहीतही आहे.

मग ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची. ती मालकाची जबाबदारी, पण सत्तरीच्या काकांना पोर्टल जमत नाही. चावी देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे: भिंती, सिंकखालचं कपाट, बाथरूमच्या फरशा. विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग. पंखे, गीझर, ट्यूबलाइट यांची यादी, दोघांच्या सह्या. अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवणारा एजंट अकरा महिन्यांनी डिपॉझिटच्या भांडणात सापडतो किंवा, जास्त करून, फोनच उचलत नाही.

नव्या एजंटाचं नाव खरं तर या डिपॉझिटवरच ठरतं. फ्लॅट दाखवताना सगळेच गोड असतात. भाडेकरू घर सोडतो तेव्हा एजंटाला कोणाकडूनच काही मिळायचं नसतं. मालक म्हणतात, रंगाचे पंचवीस हजार कापा. भाडेकरू म्हणतो, खिळे आधीपासूनच होते. अशा वेळी जो फोटो आणि सह्यांची यादी घेऊन येतो, करारात रंगाचं काय लिहिलंय ते वाचून दाखवतो, दोघांना एका आकड्यावर आणतो आणि उरलेले पैसे त्याच दिवशी खात्यात जातील असं बघतो, त्याला दोघंही विसरत नाहीत. निघालेला भाडेकरू कुठेतरी राहायला जाणारच असतो. त्याच्या ऑफिसात घर शोधणारे आणखी चार जण असतात.

पाठपुराव्याला मोबाइल पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. वही हवी, किंवा निदान एक साधी शीट. फ्लॅट, मालक, भाडेकरू, करार कधी संपतो, नोटिशीचा काळ किती, भाडेकरूची मुलं कुठल्या शाळेत, मालकाशी बोलायचं की मुलीशी. एक जूनला सुरू झालेला करार तीस एप्रिलला संपतो. महिन्याची नोटीस धरली तर दोघांनाही मार्चअखेर ठरवावं लागतं. म्हणून फोन फेब्रुवारीच्या मध्यात, आणि तो आधी भाडेकरूला. “वहिनी, तीस एप्रिलला करार संपतोय. राहायचा विचार आहे ना? म्हणजे मी काकांशी बोलून ठेवतो.” त्या राहणार असतील तर मग काकांना फोन. भाडं पाच टक्के वाढवावं की दहा, ही घासाघीस एजंटाने मध्ये बसून संपवायची. आजूबाजूला तशाच फ्लॅटचं भाडं काय चाललंय हे त्याला माहीत असतं, त्यामुळे त्याचा आकडा दोघांना पटतो. नूतनीकरणाला पुन्हा पूर्ण दलाली मागणारे आहेत. मला ते आखूड दृष्टीचं वाटतं. कराराच्या कामाचे पैसे घ्यावेत आणि थांबावं, नाहीतर पुढच्या वर्षी मालक आणि भाडेकरू आपापसात उरकतात. धंद्यात त्याला बायपास म्हणतात, आणि नूतनीकरणात तो अडवायला कुठलाच कागद उपयोगी पडत नाही.

फोनची वेळ दिनदर्शिकेवरही ठरते. मुलं असलेली कुटुंबं एप्रिल ते जूनमध्ये घर बदलतात, शाळा सुरू व्हायच्या आत. पितृपक्षात बघायला येतील, पण सामान हलवायला दसऱ्याकडे बोट दाखवतील. हे माहीत असलेला एजंट सप्टेंबरमध्ये रिकाम्या फ्लॅटच्या मालकाला आधीच सांगतो, “पंधरा दिवस कोणी राहायला येणार नाही, टोकन मात्र घेऊन ठेवू.” न सांगणाऱ्याला मालक आळशी समजतो आणि चावी दुसऱ्याला देतो. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणं म्हणजे पाठपुरावा नव्हे. त्याने माणूस तुमचा नंबर म्यूट करतो, आणि फेब्रुवारीतला कामाचा मेसेजही त्यातच बुडतो.

दलाली हातात घेताना “कोणी असेल तर सांगा” म्हटलं, तर समोरचा मान डोलावतो आणि विसरतो. दोन आठवड्यांनी गीझर बिघडला, एजंटाने माणूस पाठवला, दुरुस्त झाला, त्या फोनवर विचारावं: “तुमच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे लोक सोडून चाललेत असं ऐकलं, मालक तुमच्या ओळखीचे आहेत का?” नेमकं विचारलं की नेमकं उत्तर येतं. आणि कोणी नाव सुचवलं, तर पुढे काय झालं ते त्यांना कळवायचं, काम झालं तरी आणि फिसकटलं तरी. हे फार थोडे एजंट करतात. नाव सुचवणाऱ्याच्या मनात धाकधूक असते, की मी पाठवलेल्या माणसाने तिथे काय गोंधळ घातला असेल! ती एका फोनने जाते.

दुसऱ्या एजंटाशी वागणंही यातच आलं. त्याची पार्टी आणि तुमचा फ्लॅट असेल तर साइड बाय साइड, ज्याने त्याने आपल्या बाजूची दलाली घ्यावी. त्याच्या पार्टीला हळूच आपलं कार्ड देणाऱ्याला त्या टापूत पुन्हा कोणी फ्लॅट दाखवत नाही.

हे सगळं जमायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि तोवर हातात फारसं राहत नाही, हे आधीच धरून चालावं. चाललंय की नाही ते वहीवरूनच कळतं. प्रत्येक चौकशीपुढे ती कोणाकडून आली ते लिहायचं. दुसऱ्या वर्षीही बहुतेक रकान्यांत पोर्टलचंच नाव असेल, तर डिपॉझिटच्या वेळी काही चुकतंय का ते तपासावं.

विक्रीची कामं याच वहीतून निघतात. दोनदा करार केलेलं कुटुंब घर घ्यायचं म्हणतं. बांधकाम चालू असलेल्या, महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट दाखवायचा तर एजंटाची स्वतःची महारेरा नोंदणी हवी, आणि 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. किंवा काका जातात आणि फ्लॅट अमेरिकेतल्या मुलीच्या नावावर होतो. भाडं चालू ठेवलं, तर अनिवासी मालकाला भाडं देताना टीडीएस कापणं भाडेकरूवर बंधनकारक होतं; हे बहुतेक भाडेकरूंना नोटीस आल्यावर कळतं. मुलीने विकायचं ठरवलं, तर खरेदीदाराला नेहमीचा एक टक्का कापून चालत नाही, अनिवासी विक्रेत्यासाठी दर बराच जास्त असतो. ही गोष्ट टोकन घेण्याआधी खरेदीदाराच्या कानावर घालायची. सहीसाठी ती येऊ शकत नसेल, तर तिकडच्या भारतीय वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून घ्यावं लागतं, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तिकडून तिचा पहिला फोन येतो तो बहुधा सेक्रेटरींना, आणि सेक्रेटरी नंबर देतात तो काकांचे करार ज्याने सहा वर्षं केले त्याचा.