तुमचा फोटो अनोळखी माणसाला निवडू द्या

कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्यांची दाटी आहे. भट्टीत लोखंड वितळवायचं म्हणजे वीजबिल लाखांत जाणार, हे तिथला प्रत्येक मालक गृहीत धरून चालतो. हे बिल कमी करून देणारे ऊर्जा सल्लागार त्याच्याकडे येतात तेव्हा पहिली मागणी करतात ती वर्षभराची बिलं, उत्पादनाची नोंदवही आणि भट्टीच्या पाळ्यांचा हिशेब यांची. शेजारच्या कारखानदारालाही जे कळू देणार नाही, ते एका परक्या माणसाच्या हाती द्यायचं असतं. आणि त्या परक्या माणसाबद्दल मालकाला सुरुवातीला दिसतो तो व्हॉट्सअॅपवरचा किंवा लिंक्डइनवरचा नाण्याएवढा गोल फोटो.

नोकरी सोडून असंच सल्ल्याचं काम सुरू केलेल्या तिथल्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. त्यांच्या प्रोफाइलवर हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी होता आणि वरच्या पट्टीत, म्हणजे बॅनरमध्ये, इंटरनेटवरून उचललेलं चित्र : दोन सुटाबुटातले हात हस्तांदोलन करताहेत आणि मागे हिरव्या पानातून उगवलेला दिवा. दोन्हींत उघड चूक अशी काहीच नव्हती. तरी दोन्ही बदलावेत असं म्हणण्यामागे बरंच विज्ञान आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली दाखवून दिलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग जरी समोर आला तरी माणूस त्याच्या विश्वासार्हतेबद्दल मत बनवून मोकळा होतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, आपण बरोबर आहोत ही खात्री मात्र वाढते. हा प्रयोग हल्ली बराच सांगितला जातो आणि त्यातून लोक असा निष्कर्ष काढतात, की काही चेहरे जन्मतःच विश्वासू दिसतात, काही नाहीत. गोष्ट तिथेच फसते. टोडोरोव्ह यांनीच पुढे जेनी पोर्टर यांच्याबरोबर २०१४ मध्ये एकाच व्यक्तीचे वेगवेगळे फोटो लोकांना दाखवले. एकाच माणसाच्या दोन फोटोंवरून बनणाऱ्या मतांत इतकी तफावत निघाली, की ती दोन वेगळ्या माणसांमधल्या तफावतीच्या तोडीची होती. म्हणजे चेहरा बदलता येत नसला तरी फारसं बिघडत नाही. निवड फोटोची करायची असते.

आता सेल्फीकडे येऊ. नाकाचं टोक आणि कान यांच्यात पुढून मागे साधारण १२ सेंटीमीटरचं अंतर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कानापासून तो ५२ सेंटीमीटरवर पडतो. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कानांच्या मानाने नाक ३० टक्के मोठं उमटतं. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला तर हा फरक ८ टक्क्यांवर येतो. पाहणाऱ्याला हे गणित कळत नाही, पण परिणाम जाणवतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याच माणसांचे ४५ आणि १३५ सेंटीमीटरवरून फोटो काढले. जवळून काढलेल्या फोटोंतली माणसं लोकांना कमी विश्वासार्ह आणि कमी कार्यक्षम वाटली. कदाचित एवढ्या जवळून आपण परक्या माणसाचा चेहरा एरवी पाहतच नाही, म्हणून तो अंगावर आल्यासारखा वाटत असावा.

उपाय फुकटातला आहे. फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावा, त्याला दीड-दोन मीटर मागे उभं करावं आणि झूम दुप्पट करावा. झूममुळे नाक-कानाचं प्रमाण बदलत नाही, ते ठरतं फक्त अंतरावरून. उजेडासाठी दिवसा खिडकीशी तिरकं उभं राहिलं की पुरे. छतावरच्या ट्यूबलाइटखाली भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि गोल फोटोत डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके उरतात. फोनमधला ब्युटी मोड आठवणीने बंद करावा, कारण बऱ्याच फोनमध्ये तो आपसूक चालू असतो. चाळिशीतल्या अनुभवी सल्लागाराचा चेहरा पिठूळ गुळगुळीत झाला, तर प्रत्यक्ष भेटीत मालक फोटोतली बाई शोधत बसेल.

हसावं किती? टोडोरोव्ह यांच्या संगणकी चेहऱ्यांवरच्या कामातून एवढं नक्की दिसतं, की चेहऱ्यात आनंदाची छटा असली तर तो विश्वासार्ह वाटतो आणि रागाची असली तर नाही. पासपोर्टसाठी काढलेला, श्वास रोखलेला फोटो म्हणूनच इथे चालत नाही. पण दात दाखवून भरघोस हसण्यालाही मर्यादा आहे. २०१७ मध्ये जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या हास्यामुळे माणूस जास्त मायाळू पण कमी कुशल वाटतो असं आढळलं. मिठाईच्या दुकानदाराला तो सौदा परवडेल. भट्टीचा हिशेब बघणाऱ्या माणसाने ओठ मिटून किंवा किंचित उघडून हसलेलं बरं. हे अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत, तेव्हा इथे त्यांना वजनकाट्याइतकं काटेकोर मानू नये. आपल्या गिऱ्हाइकांवर पडताळून पाहावं, हेच खरं.

या बाईंनी खिडकीजवळ चाळीसेक फोटो काढले आणि मग अडल्या, कारण त्यातला कोणता लावावा हे ठरेना. ही अडचणही संशोधकांनी तपासली आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये विद्यार्थ्यांना फेसबुकवरचे स्वतःचे १२-१२ फोटो आणायला सांगितले. समाजमाध्यमासाठी, जोडीदार शोधण्यासाठी आणि व्यावसायिक ओळखीसाठी कोणता फोटो योग्य, हे आधी ज्याचं त्याने सांगितलं. मग तेच काम अनोळखी व्यक्तीने केलं. शेवटी तिसऱ्याच लोकांना हे फोटो दाखवले तेव्हा अनोळखी माणसांनी निवडलेल्या फोटोंनी जास्त चांगलं मत बनवलं. स्वतःचा फोटो निवडण्यात आपण सगळ्यांत कच्चे ठरतो.

याचं एक कारण आरसा असावा. १९७७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी केंद्रातल्या एका प्रयोगात तरुणींना स्वतःचा सरळ आणि उलटा असे दोन फोटो दाखवले. त्यांना आरशातल्यासारखा उलटा आवडला, मैत्रिणींना मात्र सरळ. ज्या रूपाची डोळ्यांना सवय, तेच गोड वाटतं. सेल्फी घेताना पडद्यावर आरशातलं रूप दिसतं, काही फोन ते तसंच साठवतात आणि मग डाव्या खांद्यावरचा पदर उजवीकडे जातो, भांग बाजू बदलतो, ओळखपत्रावरची अक्षरं उलटी उमटतात. असा फोटो आपल्याला आवडतो आणि आपल्याला ओळखणाऱ्याला काहीतरी खटकतं.

म्हणून निवड परक्यावर सोपवावी. पण कशी? नवरा, बहीण, जुने सहकारी बाद, कारण त्यांना चेहऱ्यामागचा माणूस दिसतो. बाईंनी ओळखीच्या एका पुरवठादारामार्फत वीस लघुउद्योजकांना दोन-दोन फोटो दाखवले. प्रश्न "कोणता छान आहे?" असा नव्हता. "यांपैकी कुणाला तुमचं वीजबिल आणि उत्पादनाची वही दाखवाल?" असं विचारलं. डावी-उजवी बाजू दर वेळी बदलली. पहिल्या जोडीत कौल १२ विरुद्ध ८ आला आणि त्या खूश झाल्या. पण वीस वेळा नाणं उडवलं तरी १२-८ किंवा त्याहून मोठा फरक जवळजवळ निम्म्या वेळा पडतो, तेव्हा या कौलाला अर्थ नाही, दोन्ही फोटो सारखेच समजावेत. १५ विरुद्ध ५ किंवा त्याहून एकतर्फी निकाल निव्वळ योगायोगाने पंचवीसात एकदाच येतो. तो आला तर दखल घ्यावी. दुसऱ्या जोडीत, सेल्फीसमोर खिडकीतला फोटो ठेवल्यावर, १६ जणांनी खिडकीतला निवडला.

बॅनरचा कायदा वेगळा. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २०१० मध्ये लोकांच्या नजरेचा माग घेऊन सांगितलं, की खऱ्या माणसांचे आणि खऱ्या वस्तूंचे फोटो लोक निरखून बघतात, शोभेचे विकत घेतलेले फोटो नजरेआड करतात. ते हस्तांदोलन त्यामुळे वायाच गेलेलं होतं. दुसरा अभ्यास जास्त विचार करायला लावणारा आहे. न्यूझीलंडच्या एरिन न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की एखाद्या विधानाशेजारी संबंधित फोटो असला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नसतानाही विधान खरं वाटण्याकडे कल वाढतो. म्हणजे भट्टीचा कुठलाही फोटो "मी भट्ट्यांचं काम करते" या वाक्याला थोडं बळ देतोच. अप्रामाणिक माणसालाही ही सोय आहे. फाउंड्रीवाल्याच्या नजरेला मात्र तपशील दिसतात आणि तिथे उसनं चित्र उघडं पडतं.

लिंक्डइनचा वैयक्तिक बॅनर १५८४ × ३९६ पिक्सेलचा, म्हणजे उंचीच्या चौपट रुंद असतो. फोनचा आडवा फोटो ४:३ मापाचा. त्यातून ४:१ ची पट्टी कापली, तर उंचीचा फक्त तिसरा हिस्सा उरतो, छत आणि जमीन दोन्ही जातात. म्हणून लांबून फोटो घ्यावा आणि कामाची गोष्ट मधल्या तिसऱ्या भागात ठेवावी. बॅनरचा डावा-खालचा कोपरा प्रोफाइलच्या गोलाखाली झाकला जातो आणि फोनवर तो गोल आणखी जागा खातो. मजकूर हवाच असेल तर एक ओळ, उजवीकडे, कडेपासून आत.

बाईंनी बॅनरसाठी हवेच्या कॉम्प्रेसरची पाइपलाइन निवडली : सांध्याजवळ धरलेलं गळती शोधणारं यंत्र, ते धरलेला हात आणि मागे धूसर शॉपफ्लोअर. चेहरा गोलात आहेच, तो पुन्हा कशाला? बॅनरच्या पहिल्या फोटोत मात्र त्यांच्या ओढणीचं टोक आलं होतं. फिरत्या यंत्राजवळ लोंबणारं कापड कुठलाही सुपरवायझर आधी टिपतो. त्यामुळे हेल्मेट, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालून तो पुन्हा काढला. आणखी एक चूक याहून महागात पडली असती. मागे रॅकवर एका गिऱ्हाइकाचे नवे कास्टिंग दिसत होते. एका मालकाचं गुपित फोटोत मांडणाऱ्या सल्लागाराला दुसरा मालक आपली वही देणार नाही. परवानगी घ्यावी, नावाची पाटी, ड्रॉइंग, माल चौकटीबाहेर ठेवावा, आणि लावण्याआधी फोटो मोठा करून कोपरे तपासावेत.

हे सगळं केलं तरी चेहऱ्यावरून सचोटी ओळखता येते याला भक्कम पुरावा नाही. तेव्हा उद्या तुम्हीच सल्लागार नेमणार असाल, तर गोल फोटोवर थांबू नका. ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीमार्फत होते. प्रमाणपत्राचा क्रमांक मागून घ्या आणि त्याने आधी काम केलेल्या दोन कारखान्यांना फोन करा.