आधीचा आकडा हातात असेल तर

भोसरी, चाकण, शिरोली, अंबड अशा औद्योगिक वसाहतींमध्ये छोट्या कारखान्यांना सेवा पुरवून पोट भरणारे बरेच लोक आहेत. कुणी विजेचा वापर तपासून देतो, कुणी कॉम्प्रेसरची देखभाल बघतो, कुणी मशीनवर सेन्सर बसवतो. नव्या कारखान्याच्या केबिनमध्ये बसलं की मालक विचारतो, "आधी कुणाकडे केलंय? काय फरक पडला?" एकपानी केस स्टडी म्हणजे या प्रश्नाचं लेखी उत्तर. ग्राहकाची अडचण काय होती, आपण काय केलं आणि मोजून काय हाती लागलं, एवढंच त्यात असतं.

अशी पानं बहुतेक वेळा काम संपल्यावर, बिल वसूल झाल्यावर लिहायला घेतली जातात आणि तिसऱ्या भागाशी येऊन अडतात. मग 'वीजखर्चात लक्षणीय बचत' असलं वाक्य तिथे येऊन बसतं. वाचणारा मालक रोज किमतीची घासाघीस करणारा असतो. 'लक्षणीय' म्हणजे किती, हे त्याला लगेच विचारावंसं वाटतं. लिहिणाऱ्याकडे उत्तर नसतं, कारण काम सुरू करण्यापूर्वीचा आकडा कुणी टिपलेलाच नसतो. तो नंतर मिळत नाही. म्हणून माझ्या मते हे पान पहिल्या भेटीच्या दिवशीच लिहायला घ्यावं.

एक उदाहरण रचून पाहू. कारखाना काल्पनिक आहे, पण अडचण कुठल्याही मशीन शॉपमध्ये सापडेल अशी आहे: कॉम्प्रेस्ड हवेची गळती. समजा भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा दोन शिफ्टचा कारखाना आहे आणि त्यात 50 हॉर्सपॉवरचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. मालकाची तक्रार एवढीच, की लाइटबिल फार येतं. तक्रार खरी आहे, पण पानावर 'अडचण' म्हणून ती जशीच्या तशी घालता येत नाही, कारण लाइटबिल अनेक कारणांनी हलतं. महावितरणच्या बिलात मागणी आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, दर बदलतात. त्यात दिवाळीच्या सुट्टीचा महिना आला, तर कुणी काही न करताही बिल उतरतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे कॉम्प्रेसरला स्वतंत्र सबमीटर लावणं आणि रुपयांऐवजी युनिट मोजणं.

दुसरं मोजमाप गळतीचं. त्यासाठी गुरुवार बरा, कारण भोसरीत त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. सगळी मशीन बंद ठेवायची, हवेची लाइन मात्र चालू ठेवायची आणि कॉम्प्रेसर सुरू करायचा. हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे लाइन एकदा भरली की कॉम्प्रेसरने अनलोड होऊन नुसतं फिरत राहायला हवं. गळती असेल तर दाब उतरतो आणि तो पुन्हा लोड घेतो. लोडवरचा आणि अनलोडचा वेळ घड्याळावर टिपायचा, काही फेऱ्यांची सरासरी काढायची. एकूण वेळेतला जेवढा हिस्सा कॉम्प्रेसर लोडवर असेल, त्याच्या क्षमतेतला तेवढाच हिस्सा गळतीत जातोय. आपल्या कारखान्यात तो दीड मिनिट लोडवर आणि साडेतीन मिनिटं अनलोड राहिला, म्हणजे गळती 30 टक्के. ही रीत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अभ्यासपुस्तिकेतही दिलेली आहे, आणि देखभाल नीट नसलेल्या ठिकाणी 20 ते 30 टक्के हवा गळतीत जाते, असं तीच पुस्तिका सांगते. म्हणजे आपला कारखाना काही जगावेगळा नाही.

आता 'अडचण' लिहिता येते: गळती क्षमतेच्या 30 टक्के, जानेवारी ते मार्च या काळात कॉम्प्रेसरचा सरासरी वापर महिन्याला 14,300 युनिट, उत्पादन महिन्याला सरासरी 52,000 नग. तिसऱ्या आकड्याचा वरवर विजेशी संबंध दिसत नाही, पण पुढे सगळा हिशोब त्याच्यावरच तरतो.

एप्रिलमध्ये दुरुस्ती झाली. मे ते जुलै पुन्हा मोजलं. गुरुवारच्या चाचणीत आता कॉम्प्रेसर अर्धा मिनिट लोडवर आणि साडेचार मिनिटं अनलोड, म्हणजे गळती 10 टक्के. वापर महिन्याला सरासरी 11,760 युनिट आणि उत्पादन 50,000 नग.

यातून तीन मथळे निघतात. 'गळती दोन तृतीयांशाने घटली' हा पहिला. 'कॉम्प्रेसरची वीज जवळपास 18 टक्क्यांनी कमी' हा दुसरा. तिसरा शोधावा लागतो: आधी हजार नगांमागे 275 युनिट जळत होते, नंतर साधारण 235, म्हणजे साडेचौदा टक्के घट. तिन्ही खरे आहेत, पण पानाच्या माथ्यावर तिसराच यावा.

पहिला आकडा सर्वांत मोठा दिसतो, म्हणून मोह होतो. पण गळती तेवढी घटली म्हणजे वीज तेवढी घटली असं होत नाही. अनलोड झालेला स्क्रू कॉम्प्रेसरही फिरतच असतो आणि लोडवरच्या विजेच्या जवळपास तीस टक्के वीज खात राहतो. शिवाय मशीनना लागणारी हवा तर लागतेच. हे ज्याला माहीत आहे तो वाचक 'दोन तृतीयांश' वाचून पान बाजूला ठेवेल; ज्याला माहीत नाही तो तेवढीच बचत बिलात शोधेल, आणि ती न सापडल्यावर तुम्हालाच फोन करेल. दुसऱ्या आकड्यात उत्पादन घटल्याचा वाटा मिसळलाय. नग दोन हजारांनी कमी निघाले, तेवढी हवा तशीही कमी लागली असती. तिचं श्रेय दुरुस्ती करणाऱ्याने घेऊ नये. नगांच्या हिशोबाने आकडा लहान होतो, पण मालकाने उलटतपासणी घेतली तरी तो हलत नाही.

रुपये सगळ्यांत शेवटी काढायचे, आणि दर सांगून. हजार नगांमागे 40 युनिट वाचले, म्हणजे 50,000 नगांना 2,000 युनिट. युनिटला 9 रुपये धरले तर महिन्याला 18,000 रुपये. दर लिहिलेला असला की दुसरा कारखानदार स्वतःच्या दराने हिशोब करून बघू शकतो.

मधला 'काय केलं' हा भाग लिहिताना हात आवरत नाही. सेवा देणाऱ्याला आपली उपकरणं, अनुभव, टीम सगळं सांगावंसं वाटतं. वाचकाला मात्र एवढंच हवं असतं, की हे माझ्याकडे केलं तर मशीन किती वेळ बंद राहील, माझ्या माणसांना काय करावं लागेल आणि खर्च किती. त्यामुळे गळती कशी शोधली, कुठे सापडली आणि कुणी बुजवली, एवढ्यात हा भाग संपवावा. काय बदललं नाही, तेही लिहावं. दुरुस्तीबरोबर कॉम्प्रेसरचा दाबही कमी केला असता तर वीज त्यानेही वाचली असती, आणि कुठली बचत कशामुळे झाली ते सांगता आलं नसतं. म्हणून दाब तोच ठेवला होता, हे वाक्य पानावर असावंच.

संपूर्ण पान मग साधारण असं दिसेल:

हजार नगांमागे कॉम्प्रेसरची वीज साडेचौदा टक्क्यांनी कमी

अडचण. भोसरीतील सुट्या भागांचा दोन शिफ्टचा कारखाना, 50 हॉर्सपॉवरचा स्क्रू कॉम्प्रेसर. सुट्टीच्या दिवशी घेतलेल्या चाचणीत हवेची गळती क्षमतेच्या 30 टक्के आढळली. जानेवारी ते मार्च: हजार नगांमागे 275 युनिट.

काय केलं. चालू शिफ्टमध्ये अल्ट्रासॉनिक डिटेक्टरने पूर्ण लाइन तपासली, सापडलेल्या 41 जागांना टॅग लावले. बहुतेक गळती एफआरएल युनिट, क्विक कपलर आणि पीयू पाइपच्या जोडांवर होती. एप्रिलमधील दोन गुरुवारी कारखान्याच्याच मेंटेनन्स विभागाने 34 जागा दुरुस्त केल्या. उरलेल्या सात जागांसाठी मशीन उघडावं लागणार असल्याने त्या पुढच्या देखभालीवर ठेवल्या. उत्पादन थांबवावं लागलं नाही. हवेचा दाब 7 बार होता तोच ठेवला.

निष्पत्ती. मे ते जुलै: गळती 10 टक्के, हजार नगांमागे 235 युनिट. 9 रुपये दराने महिन्याला सुमारे 18,000 रुपयांची बचत. फी आणि सुटे भाग मिळून खर्च 60,000 रुपये. साधारण साडेतीन महिन्यांत वसूल. सर्व युनिट कॉम्प्रेसरच्या स्वतंत्र सबमीटरवरून.

सात जागा राहिल्याचा उल्लेख पाहून काहींना वाटेल, हे कशाला सांगायचं? पण 41 पैकी 41 असं लिहिलेलं पान जाहिरातीसारखं वाचलं जातं. मशीन शॉप चालवणाऱ्याला ठाऊक असतं, की काही जागांना मशीन खोलल्याशिवाय हात लागत नाही. ते तुम्हालाही ठाऊक आहे, हे या सात जागांवरून त्याला कळतं.

पान छापण्याआधी ग्राहकाची लेखी परवानगी लागते, आणि सुट्या भागांच्या धंद्यात ती सहज मिळत नाही. मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणाऱ्यांवर अनेकदा गोपनीयतेचे करार असतात. महिन्याला किती नग निघतात हे स्पर्धकाला कळावं, असं तर कुणालाच वाटत नाही. म्हणून वरच्या पानावर 52,000 आणि 50,000 हे आकडे नाहीत. फक्त हजार नगांमागचा वापर आहे. मात्र बारकाईने पाहिलं तर महिन्याच्या बचतीवरून कुणीही उत्पादन उलटं काढू शकतो. तेवढीही जोखीम ग्राहकाला नको असेल, तर रुपयांची ओळ गाळून टक्केवारी आणि वसुलीचा काळ ठेवावा. नाव द्यायला नकार असेल तर ठिकाण, व्यवसाय आणि यंत्राचा आकार एवढं पुरतं. अभिप्राय मागायचाच असेल तर 'आमच्याबद्दल दोन शब्द लिहा' म्हणू नये; त्यातून 'उत्तम सेवा' हेच येतं. 'दुरुस्तीनंतर शॉपफ्लोअरवर काय वेगळं जाणवलं?' असं मेंटेनन्सच्या माणसाला विचारावं आणि त्याच्या बोलीतच उतरवून त्याला वाचून दाखवावं.

एक मर्यादा राहतेच. हवेची गळती एकदा बुजवली की कायमची गेली असं नसतं. पाइप कडक होतात, कपलर झिजतात, नवं मशीन आलं की नवे जोड येतात. तीन महिन्यांचं मोजमाप तीन महिन्यांपुरतंच बोलतं, म्हणून निष्पत्तीशेजारी महिने लिहायचे आणि खाली वर्ष टाकायचं. वर्षभराने एका गुरुवारी पुन्हा जाऊन लोड-अनलोडचा वेळ टिपून आणायला फार तर एक सकाळ जाते. गळती 10 टक्क्यांच्या आसपास टिकली असेल तर पानात एका ओळीची भर पडते. 20 वर गेली असेल, तर तीही ओळ घालावी आणि त्याच भेटीत उरलेल्या सात जागांचं काम मागावं.