रिकाम्या चौकटीत काय लिहिलेलं असतं?

जून उजाडला की जालना जिल्ह्यात पूर्णेच्या काठावरच्या जाफराबादेत कृषी सेवा केंद्रांसमोर गर्दी होते. खत, बियाणं, औषध घेऊन शेतकरी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात एक पावती असते. ती नीट बघितलीय कधी? वर दुकानाचं नाव मराठीत, त्याखाली जीएसटी क्रमांक रोमन अक्षरांत. 'शेतकऱ्याचे नाव' मराठीत, लॉट नंबर पुन्हा रोमन अक्षरांत. मालाच्या नावात तर दोन्ही लिप्या एकाच चौकटीत बसलेल्या असतात:

```
अ.क्र. तपशील              HSN   लॉट नं.   नग  दर       रक्कम
1      युरिया 45kg         3102            4    266.50  1066.00
2      DAP 50kg           3105            2   1350.00  2700.00
3      कापूस बियाणे 475g   1207  BK7081    3    901.00  2703.00
                                          एकूण         6469.00
```

(नमुना म्हणून ही पावती मी बेतली आहे. लॉट नंबर काल्पनिक आहे.) आपली नजर यावरून एका दमात फिरते. मराठी कुठे संपलं, इंग्रजी कुठे सुरू झालं, हे जाणवतही नाही. आता याच पावतीचा मोबाइलने फोटो काढा आणि संगणकाला सांगा, 'वाच, आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात ठेव.' मग कळतं की आपण रोज काय अचाट काम सहज करून टाकतो!

संगणकाला त्या फोटोत काय दिसतं? ए-फाइव्ह आकाराचा कागद दर इंची 300 ठिपक्यांनी टिपला, तर रुंदीत 1748 आणि उंचीत 2480, म्हणजे त्रेचाळीस लाखांहून अधिक ठिपके होतात. प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा, एवढंच त्याच्याजवळ असतं. त्यात अक्षर नाही, रकाना नाही, 'युरिया' तर नाहीच. पुढचं सगळं या ठिपक्यांतून उभं करायचं.

पहिली अडचण अक्षरांच्याही आधीची आहे. फोटो काढताना हात किंचित कलतो, जेमतेम एक अंश. आपल्याला तो कल दिसतसुद्धा नाही. पण 1748 ठिपक्यांच्या रुंदीत एक अंशाचा कल म्हणजे डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत तीस ठिपक्यांचा फरक. पावतीवरच्या दोन ओळींमध्ये सहा मिलिमीटर अंतर असेल तर ते होतं सत्तर ठिपके. म्हणजे एका अंशात ओळ जवळजवळ अर्धी घसरली! दोन अंश कललं की युरियाच्या ओळीत डीएपीची रक्कम येऊन बसायला वेळ लागत नाही. म्हणून वाचायच्या आधी चित्र सरळ करावंच लागतं.

आणि सरळ करायला आधार कशाचा? इथे देवनागरी मदतीला धावून येते. दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. एका ओळीतल्या सगळ्या शिरोरेषा मिळून कल किती, हे अगदी स्वच्छ सांगतात. रोमन अक्षरांत अशी आखीव रेघ नसते. तिथे अक्षरांच्या तळांवरून अंदाज बांधावा लागतो.

पण हीच शिरोरेषा पुढच्या पायरीवर घात करू शकते. पावतीला छापील चौकट असते, आडव्या-उभ्या रेघा असतात. त्या अक्षरांना चिकटल्या तर वाचन बिघडतं, म्हणून सॉफ्टवेअर त्या आधी पुसून टाकतं. कसं? 'अमुक लांबीपेक्षा मोठी, सलग, आडवी काळी पट्टी दिसली की पूस.' इंग्रजी बिलावर हा नियम बेधडक चालतो, कारण इंग्रजी अक्षरांत लांब आडवी रेघ फारशी नसतेच. मराठीवर तोच नियम लावला की काय होतं? 'बियाणे'ची शिरोरेषा चौकटीची रेघ समजून पुसली जाते आणि खाली उरतात सुटे काने, वेलांट्या, गाठी. तो शब्द मग कोणालाच वाचता येत नाही.

उपाय एवढा साधा आहे की मला त्याचं फार अप्रूप वाटतं: फक्त लांबी मोजायची. दर इंची 300 ठिपक्यांत एक मिलिमीटर म्हणजे सुमारे बारा ठिपके. पावतीवरचा लांबात लांब मराठी शब्द वीस मिलिमीटरचा धरला तर त्याची शिरोरेषा 240 ठिपक्यांच्या आसपास जाते. चौकटीची रेघ मात्र कागदभर, दीड हजार ठिपक्यांची. मर्यादा 600 ठिपक्यांवर ठेवली की शब्द शाबूत राहतो आणि रेघ जाते. बिघाड झालाय का, हे ओळखणंही सोपं आहे. रेघा पुसल्यानंतरचं चित्र डोळ्यांनी बघायचं. इंग्रजी शब्द धड आणि मराठी शब्द बोडके दिसले, तर मर्यादा फार आखूड पडलीय.

आता प्रत्यक्ष वाचन. त्यासाठी टेसेरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते 1980च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डच्या ब्रिस्टलमधल्या प्रयोगशाळेत जन्मलं आणि 2005 साली सर्वांसाठी खुलं झालं. त्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकदम सांगता येतात:

```
tesseract pavati.png pavati -l mar+eng --psm 6 tsv
```

2018 साली आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ते एकेक अक्षर कापून ओळखत नाही. आख्ख्या ओळीची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत जातं, आधी काय आलं आणि पुढे काय आहे हे दोन्ही ध्यानात धरून. जोडाक्षरांना आणि ऱ्हस्व वेलांटीला हे फार मानवतं. 'बियाणे'मधली वेलांटी कागदावर 'ब'च्या आधी दिसते, पण संगणकात ती 'ब'च्या नंतर साठवायची असते. सुटं सुटं वाचणाऱ्याची इथे त्रेधा उडते. आख्खी ओळ पाहणारा मात्र ते बिनचूक जुळवू शकतो.

खरी गंमत पुढे आहे, आकड्यांत. काही दुकानं आकडेही देवनागरीत छापतात. देवनागरी '१' इंग्रजीच्या नजरेने पाहा. काय दिसतं? 9! आणि '४'? त्याचं डोकं जरा मिटलं की झाला 8. शून्य तर दोन्हीकडे सारखंच. 'युरिया' कोणी इंग्रजी समजणार नाही, कारण तो शब्दच ओरडून सांगतो की मी मराठी आहे. एकटा आकडा बिचारा काहीच सांगत नाही. दोन भाषा एकदम चालू असल्या की सॉफ्टवेअर दोन्हींचे निकाल पाहतं आणि ज्याची खात्री जास्त तो ठेवतं. त्यात '१३५०'चा 9350 होऊन बसू शकतो, तोही अगदी ठाम खात्रीने.

आकडा बरोबर वाचला गेला, तर पुढे लिपीची अडचण राहत नाही. पायथॉन भाषेत देवनागरी आकडे तसेच्या तसे द्या, ती मुकाट्याने हिशेबाला घेते:

```
>>> float("२६६.५०")
266.5
```

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा पुन्हा पुन्हा करून पाहावंसं वाटलं.

चला, शब्द वाचून झाले. ते ओळीने लिहून काढले आणि मोकळी जागा दिसेल तिथे तोडले, की रकाने तयार? डीएपीची ओळ घ्या. तोडल्यावर हाती येतं: 2, DAP, 50kg, 3105, 2, 1350.00, 2700.00. सात तुकडे, आणि पावतीवर रकानेही सात! सगळं कसं जुळलं! पण जरा रकान्यांत भरून पाहा. तपशिलात 'DAP', एचएसएनच्या जागी '50kg', लॉट नंबर म्हणून '3105'. मालाचं नाव दोन तुकड्यांचं होतं आणि लॉटची चौकट रिकामी होती. एक तुकडा वाढला, एक घटला, बेरीज जुळली आणि चूक बेमालूम लपली. रिकाम्या चौकटीतून अक्षर निघत नाही, त्यामुळे अक्षरांच्या रांगेत तिचा मागमूसही उरत नाही.

मग ती सापडते कुठे? जागेत! वरच्या आज्ञेतल्या शेवटच्या `tsv` या तीन अक्षरांमुळे प्रत्येक शब्दासोबत तो कागदावर कुठे होता हेही मिळतं. त्यातले आपल्या कामाचे रकाने असे दिसतील:

```
left   width   text
  64      22   2
 160      96   DAP
 272     110   50kg
 792      96   3105
1246      24   2
1326     150   1350.00
1562     152   2700.00
```

आता मथळ्याच्या ओळीवरून रकान्यांच्या सीमा आखा. समजा तपशील 140 ते 760, एचएसएन 760 ते 930, लॉट 930 ते 1180, नग 1180 ते 1300. 'DAP' आणि '50kg' दोन्ही 760च्या आत पडले, म्हणजे दोन्ही मिळून एकच नाव. 930 ते 1180 या पट्ट्यात काहीच नाही, म्हणजे लॉट नंबर दिलेलाच नाही. जे कागदावर नव्हतं तेही आपण वाचलं!

यात एक बारकावा आहे. नावं डावीकडून सुरू होतात, तर रकमा उजव्या कडेला टेकवून छापतात. म्हणून नावाचा रकाना डाव्या कडेवरून ठरवावा आणि रकमेचा उजव्या कडेवरून, म्हणजे `left` मध्ये `width` मिळवून. दराच्या रकान्यातल्या '901.00' आणि '1350.00' यांची डावी कड वेगवेगळी असते, उजवी एकाच रेषेत येते.

आणि शेवटी पावती स्वतःच स्वतःची परीक्षा घेते. नग गुणिले दर म्हणजे रक्कम. युरियाचे '४' नग चुकून 8 वाचले गेले, तर 8 गुणिले 266.50 म्हणजे 2132, आणि समोर छापलंय 1066. लगेच पकडलं! 1066 ला 266.50 ने भागा, उत्तर 4. चूक कुठे झाली तेही कळलं आणि खरा आकडाही मिळाला. डीएपीचा दर 9350 वाचला गेला असता, तर 2700 ला 2 ने भागून 1350 पुन्हा हाती आला असता. वर तिन्ही रकमांची बेरीज 6469 आली की उभा हिशेबही जुळला.

या सगळ्या परीक्षेतून काही रकाने सुटतात, आणि त्यातला एक सर्वांत मोलाचा आहे: लॉट नंबर. जालना हा बियाण्यांचा जिल्हा, 'महिको' इथेच 1964 साली सुरू झाली. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला आधार लागतो पावतीचा आणि तिच्यावरच्या लॉटचा. बियाणं विकणाऱ्याने खरेदीदाराला पावती द्यावी, असं 1983 सालचा बियाणे नियंत्रण आदेशच सांगतो. पण 'BK7081' मधला शून्य O वाचला गेला किंवा B चा 8 झाला, तर त्याला ना गुणाकार पकडणार, ना बेरीज. या अक्षरांमागे काही हिशेबच नाही. तिथे जुळवायला एकच गोष्ट असते, बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग. म्हणून वाचलेला लॉट नंबर टॅगशी एकेक अक्षर लावून पाहायचा, आणि पीक हाती येईपर्यंत पिशवी, टॅग आणि पावती तिन्ही एकत्र ठेवायची.