चहाच्या सेटपासून पिंक फ्लॉईडपर्यंत

लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकणारे निक मेसन, रॉजर वॉटर्स आणि रिक राईट 1963च्या सुमारास एकत्र वाजवू लागले. बँडला नाव दिलं ‘सिग्मा सिक्स’, कारण मंडळी सहा होती. पुढे माणसं येत-जात राहिली आणि नावातला आकडा नुसता नावापुरता उरला.

मग ते माइक लेनर्ड नावाच्या शिक्षकाच्या घरी भाड्याने राहू लागले, म्हणून ‘लेनर्ड्स लॉजर्स’, म्हणजे लेनर्डचे भाडेकरू. मित्रांच्या अड्ड्यावर विनोद म्हणून ठीक, पण पोस्टर वाचणाऱ्याला हा लेनर्ड कोण, हे कसं कळावं? ‘स्क्रीमिंग अ‍ॅबडॅब्ज’ हेही नाव काही काळ चाललं. तो इंग्रजी बोलीतला भेदरण्याबद्दलचा शब्द. ज्याला ती बोली माहीत नाही, त्याची जीभ ‘ब’ आणि ‘ड’च्या मध्येच अडखळते.

त्यानंतरचं ‘टी सेट’ मात्र उच्चारायला सोपं होतं. छोटं, सुटसुटीत, आणि अडचण नेमकी तिथेच निघाली. 1965मध्ये एका कार्यक्रमाला गेल्यावर कळलं, की त्याच नावाचा दुसरा बँडही तिथे वाजवणार आहे. जे नाव चारचौघांना चटकन सुचतं, ते आणखी कुणाला तरी सुचलेलंच असतं.

गिटार वाजवणाऱ्या सिड बॅरेटने तेव्हा तोडगा काढला. पिंक अँडरसन आणि फ्लॉईड काउन्सिल हे अमेरिकेतल्या कॅरोलिना भागातले दोन ब्लूज गायक. दोघांची पहिली नावं जोडून झालं ‘द पिंक फ्लॉईड साऊंड’.

या जोडशब्दाला स्वतःचा अर्थच नव्हता, त्यामुळे खोटा ठरायलाही काही नव्हतं. माणसं बदलली, घर बदललं, संगीत बदललं, तरी नाव चाललं. उच्चारायला दोन ठोके. पोस्टरसाठी मात्र ते अजून लांब होतं: रोमन लिपीत 17 अक्षरं. रुंदी तेवढीच असेल तर अक्षरं जितकी जास्त तितकी ती बारीक होतात आणि रस्त्यापलीकडून दिसत नाहीत. 1966मध्ये त्यांचे व्यवस्थापक पीटर जेनर यांनी ‘साऊंड’ गाळायला सुचवलं. सुरुवातीचं ‘द’ आणखी काही काळ रेंगाळलं. तेही गेल्यावर उरली नऊ अक्षरं, चार आणि पाच. एकाखाली एक लिहिली तर दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या रुंदीच्या.

अर्थ नसल्याचा एक ताप मात्र राहिला. रेकॉर्ड कंपन्यांमधली माणसं विचारत, तुमच्यातला पिंक कोण? बँडने 1975च्या एका गाण्यात या प्रश्नाची खिल्लीही उडवली.

त्याआधी 1970मध्ये ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ आला. त्याच्या मूळ मुखपृष्ठावर बँडचं नाव नव्हतं, अल्बमचंही नव्हतं. कुरणात उभी असलेली एक गाय तेवढी होती.